दोन मीटरची केबल: गाडीच्या स्क्रीनवर फोन का अडकतो, याचं एक प्रकरण

सुहासदादाची तक्रार एका शब्दाची होती. "अडकतं गं." तो माझा आत्तेभाऊ, राहतो पुण्यात, आणि कामासाठी महिन्यातून चार-पाच वेळा एक्स्प्रेस-वेने मुंबईला जातो. गाडी तीन वर्षांची. फोनवरचा नकाशा आणि गाणी गाडीच्या स्क्रीनवर आणणारं अँड्रॉइड ऑटो तिच्यात फक्त केबलने चालतं. आधी तो केबलच लावायचा. गाडी खड्ड्यात आपटली की जोडणी तुटायची, म्हणजे स्क्रीनवरचा नकाशा जाऊन गाडीचा स्वतःचा रेडिओ यायचा. वैतागून त्याने एक वायरलेस डोंगल घेतलं. गाडीच्या यूएसबीत ते लावायचं आणि फोन खिशातच ठेवायचा. आठवडाभर तो खूश होता. मग फोन आला, "हे तर केबलपेक्षा जास्त अडकतं. तू याच कामात आहेस ना, बघ जरा."

मी हिंजवडीत गाड्यांच्या स्क्रीनच्या चाचण्या करते. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. "अडकतं" हा शब्द ऐकला की आधी त्याचे तुकडे करायचे, कारण त्यात किमान तीन वेगळे आजार लपलेले असतात. बोट ठेवल्यावर स्क्रीन उशिरा हलणं हा एक. तो उशीर कायमचा आणि एकसारखा असतो. नकाशा मधेच थांबून पुढे उडी मारणं हा दुसरा. आणि सगळं बंद पडून पहिल्यापासून जोडणी होणं हा तिसरा. दादाला मी सांगितलं, एक खेप मुंबईला जाऊन ये, आणि प्रत्येक वेळी काय झालं, गाणं चालू होतं का, गाडी कुठे होती, एवढंच वहिनींना लिहून ठेवायला सांग.

वहिनींनी छान टिपण केलं. पाच वेळा पूर्ण बंद. त्यातले दोन टोल नाक्यांवर, एक उर्से आणि एक खालापूर, उरलेले तीन पुण्यातल्या सिग्नलना. नकाशाचं थांबून उडी मारणं "सारखंच, पण घाटात उतरताना नाही." परतताना दुपारी नकाशा "जड" झाला, गाणं मात्र व्यवस्थित होतं. शिवाय भाताण बोगद्यात बाण जागेवरच थांबला.

बोगद्याची नोंद मी लगेच खोडली. स्क्रीनवर बाण थांबला तरी बोटाने नकाशा सरकवता येत होता का, एवढंच विचारलं. येत होता. मग फोन आणि स्क्रीन यांच्यातली जोडणी शाबूत होती, फक्त उपग्रहाचा सिग्नल गेला होता. ही चूक फार जण करतात, आणि मग बोगद्यातल्या जीपीएसचा राग डोंगलवर निघतो.

बाकी तीन नोंदी मात्र खऱ्या होत्या. आणि प्रत्येकीचं कारण वेगळं निघालं.

आधी केबल

वायरलेसकडे बघण्याआधी मी डोंगल काढून पुन्हा केबलवर आले. दादा म्हणाला, "अगं, केबल वाईट आहे म्हणून तर हे घेतलं." मला तेच तपासायचं होतं. केबलवर गाडी नीट चालत असेल तर गाडीचा स्क्रीन, फोन आणि अ‍ॅप हे तिघेही निर्दोष ठरतात आणि शोध फक्त हवेतल्या भागापुरता उरतो. केबल हीच अशी एक मोजपट्टी आहे.

त्याची केबल बघितली आणि अर्धं उत्तर मिळालं. रस्त्यावर घेतलेली, दोन मीटर लांब. डॅशबोर्डच्या यूएसबीतून निघून सीटच्या बाजूने मागे आर्मरेस्टच्या खणात जाणारी. अँड्रॉइड ऑटोसाठी एक मीटरच्या आतली केबल वापरावी असं गूगल स्वतःच सांगतं. चार्जिंगपुरती लांब केबल चालून जाते. पण इथे तिच्यातून डेटाही धावतो आणि त्यातली चूक चार्जिंगच्या चिन्हावर दिसत नाही. शिवाय फोनच्या यूएसबी-सी खाचेत खिशातला कापसाचा बोळा घट्ट बसला होता. केबल आत गेल्यासारखी वाटायची, पण शेवटचं मिलिमीटरभर अंतर उरायचं. लाकडी टूथपिकने फोन बंद करून तो काढला, तेव्हा केबल पहिल्यांदा "टक" करून बसली.

मग अर्ध्या मीटरची चांगली डेटा केबल लावली आणि फोन गिअरच्या पुढच्या कप्प्यात ठेवला. पुणे ते पनवेल आणि परत, एकदाही जोडणी तुटली नाही. म्हणजे ज्या आजारावर उपाय म्हणून दादाने डोंगल आणलं, तो आजार दोन मीटर केबल आणि बोळाभर कापसाचा होता.

इथे स्क्रीनवर नेमकं काय येतं हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर टेकलेलं आहे. आपण याला मिररिंग म्हणतो, पण फोनचा स्क्रीन जसाच्या तसा गाडीत दिसत नाही. फोन गाडीसाठी एक वेगळं चित्र आखतो, ते एच.२६४ व्हिडिओत बांधतो आणि पाठवतो. गाडीचा स्क्रीन तो व्हिडिओ उघडून दाखवतो आणि तुमच्या बोटाची जागा फोनला कळवतो. नकाशावर बोट फिरवलं की ते बोट आधी फोनपर्यंत जातं, तिथे नवं चित्र बनतं, आणि मग ते परत येतं. या व्हिडिओला वेगाची भूक फार नसते. यूएसबी २.० ची ४८० मेगाबिटची नळी त्याला भरपूर पुरते, वाय-फायही पुरतं. त्यामुळे "जास्त स्पीडचं डोंगल घेऊ का?" या प्रश्नाला अर्थ नाही. इथे महत्त्व आहे ते प्रत्येक फ्रेम वेळेवर पोचण्याला.

केबलवर ती वेळेवर पोचते, कारण त्या तारेवर दुसरं कुणी नाही. वायरलेसमध्ये आधी ब्लूटूथवरून फोन आणि डोंगल एकमेकांना ओळखतात, वाय-फायचं नाव आणि पासवर्ड फोनकडे येतो, आणि मग चित्र, गाणं, बोट सगळं वाय-फायवर चढतं. हवा मात्र सगळ्यांची असते.

उशीर मी मोजला. दुसऱ्या फोनवर सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो-मोशन लावलं आणि बोट काचेला टेकल्यापासून नकाशा हलेपर्यंतच्या फ्रेम मोजल्या. एक फ्रेम म्हणजे साधारण ४.२ मिलिसेकंद. केबलवर दहापैकी बहुतेक वेळा ३० च्या आसपास फ्रेम लागल्या, म्हणजे सव्वाशे मिलिसेकंद. डोंगलवर ५० च्या आसपास, म्हणजे दोनशेच्या जरा वर. ही मोजणी कुणालाही घरच्या घरी करता येते. हा जादाचा उशीर डोंगलच्या वाटेतच बसलेला आहे. डोंगल गाडीला "मी फोन आहे" असं भासवतं आणि फोनला "मी गाडी आहे" असं. प्रत्येक फ्रेम वाय-फायवरून घेऊन यूएसबीवर ओतताना वेळ जाणारच. दादाला मी स्पष्ट सांगितलं की हा भाग कुठल्याही सेटिंगने जाणार नाही. रस्ता दाखवायला तो पुरेसा आहे, नकाशा ओढताना मात्र जाणवेल.

टॅब्लेटचा ताल

आता दुसरी तक्रार. पुन्हा डोंगल लावलं आणि मी पुढच्या सीटवर बसले. चित्र फाटत नव्हतं, चौकटी दिसत नव्हत्या. ते थांबायचं आणि मग एकदम पुढे धावायचं. हे लक्षण बोलकं आहे. वायरलेस अँड्रॉइड ऑटोचा डेटा टीसीपी नावाच्या, सगळं क्रमानेच पोचवणाऱ्या पद्धतीने जातो, आणि टीसीपीत डेटाचं एखादं पाकीट अडलं की मागची सगळी रांग थांबते, कुणी पुढे घुसत नाही. शिवाय व्हिडिओची फ्रेम आधीच्या फ्रेमवर अवलंबून असते आणि मोजक्या फ्रेम पाठवल्यावर फोन पोच येण्याची वाट बघतो. म्हणून हवेत क्षणभर खोळंबा झाला की चित्र खराब होत नाही, गोठतं. थांबणं छोटं असेल तर गाणं साठवलेल्या आवाजावर तरून जातं. मोठं असेल तर गाणंही तुटतं.

आमच्या गाडीत दोन्ही होत होतं, आणि त्याला एक ताल होता. थोडा वेळ ठीक, मग दोन-तीन झटके, मग पुन्हा ठीक. मी मागे वळून बघितलं तर दादाची लेक ईरा टॅब्लेटवर कार्टून बघत होती.

"तिला इंटरनेट कुठून येतंय?"

"माझ्याच हॉटस्पॉटवरून," दादा म्हणाला. "तो गाडीत बसलो की चालू असतोच."

"ईरा, दोन मिनिटं थांबव बघू ते."

तिने कुरकुर करत थांबवलं. झटके थांबले. पुन्हा चालू केलं, परत आले. असं तीनदा केलं, कारण एकदा जुळणं योगायोगही असू शकतो.

माझ्या फोनवरच्या वाय-फाय तपासणीच्या अ‍ॅपमध्ये कारण दिसलं. डोंगलचं नेटवर्क ५ गिगाहर्ट्झच्या ३६ व्या चॅनेलवर होतं. दादाच्या फोनचा हॉटस्पॉटही ५ गिगाहर्ट्झवरच, पण १४९ व्या चॅनेलवर. या दोघांमध्ये फार अंतर आहे. त्याच्या फोनमध्ये त्या बँडसाठी एकच रेडिओ. एका कानाने डोंगल आणि दुसऱ्याने टॅब्लेट ऐकणं त्याला जमत नाही. तो थोडा वेळ ३६ वर जातो, थोडा वेळ १४९ वर, असा धावत राहतो. टॅब्लेट शांत असला की १४९ वर काम नसतं आणि नकाशा छान चालतो. पण व्हिडिओची अ‍ॅप सतत थेंब-थेंब डेटा घेत नाहीत. ती एक मोठा घोट घेतात, तो संपत आला की पुढचा. प्रत्येक घोटाला फोनचा रेडिओ १४९ वर अडकून पडायचा आणि इकडे नकाशा गोठायचा. तालाचं रहस्य तेवढंच. घाटात झटके का नव्हते, हेही त्यातच आलं. त्या उतारावर मोबाइलचं नेटवर्क पातळ होतं आणि कार्टूनच थांबलेलं असायचं.

फोनच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड २.४ गिगाहर्ट्झवर नेला आणि झटके जवळजवळ गेले. त्याच्या फोनची चिप दोन्ही बँड एकाच वेळी सांभाळू शकते, म्हणून हे जमलं. स्वस्त फोनमध्ये ते जमेलच असं नाही, आणि २.४ वर ब्लूटूथही राहतं. म्हणून मी वहिनींना म्हटलं, "टॅब्लेटला तुमच्या फोनचा हॉटस्पॉट द्या. दादाच्या फोनला गाडीचं एकच काम राहू दे." हा उपाय कुठल्याही फोनला लागू पडतो.

वहिनींचा फोन आयफोन आहे आणि कधी कधी त्याही गाडी चालवतात, म्हणून एक फरक सांगून ठेवला. वायरलेस अँड्रॉइड ऑटोत फोन कॉलचा आवाज ब्लूटूथवरून जातो. त्यामुळे नकाशा आणि गाणं ठीक असून फक्त कॉल तुटत असेल तर वाय-फायला दोष देऊ नये. आयफोनच्या वायरलेस कारप्लेमध्ये जोडणी झाल्यावर ब्लूटूथ बाजूला होतं आणि कॉलही वाय-फायवरून जातो. तिथे ही खूण चालत नाही.

दुपारचा जडपणा

परतीच्या वाटेवरची नोंद, "नकाशा जड, गाणं ठीक", वेगळ्या दिशेने बोट दाखवत होती. वाय-फाय खराब असतं तर गाण्यालाही कधीतरी धक्का बसला असता. गाणं उलगडायला फोनला काहीच कष्ट पडत नाहीत. नकाशा आखणं आणि त्याचा व्हिडिओ बांधणं हे मात्र जड काम. तेच मंदावत असेल तर फोनच दमला असणार.

वायरलेसचा एक फायदा असा की फोनची खाच मोकळी असते. पनवेलच्या पुढे दुपारी मी लॅपटॉप जोडला आणि adb या अँड्रॉइड तपासणीच्या साधनातून दोन आज्ञा दिल्या.

```
adb shell dumpsys battery
adb shell dumpsys thermalservice
```

पहिलीत `temperature: 438` आलं. हा आकडा अंशाच्या दहाव्या भागात असतो, म्हणजे बॅटरी ४३.८ अंशांवर होती. दुसरीत `Thermal Status: 2`. शून्य म्हणजे सगळं ठीक आणि दोन म्हणजे फोनने आपला वेग आवरायला सुरुवात केली आहे.

फोन होता गाडीच्या वायरलेस चार्जिंगच्या पाटावर. त्या पाटाची कॉइल पाठीला ऊब देते, त्यात जाड कव्हर, वाय-फाय अखंड चालू, जीपीएस चालू, वर व्हिडिओ बांधणं, आणि पुढच्या काचेतून ऊन. मी फोन पाटावरून काढून, कव्हर उतरवून एसीच्या झोताजवळ ठेवला. वीसेक मिनिटांत स्थिती शून्यावर आली आणि नकाशाही हलका झाला. डोंगलला हात लावला नव्हता. अशा वेळी लोक अ‍ॅप काढून परत टाकतात. तोवर फोन निवतो, आणि अ‍ॅपला श्रेय मिळतं.

केबलवर हा त्रास होत नाही असं नाही. उन्हात ठेवलेला फोन केबलवरही तापतो. पण तिथे वाय-फायची मेहनत आणि कॉइलची ऊब या दोन गोष्टी कमी असतात, आणि आमच्या केबलच्या खेपेत बॅटरी चाळिशीच्या आतच राहिली.

टोल नाका आणि सिग्नल

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो पूर्ण बंद पडण्याने. दादाचं ठाम मत होतं की फास्टॅगची यंत्रं सिग्नल मारतात. मला ते पटण्यासारखं नव्हतं. फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालतो आणि आमचं वाय-फाय होतं ५ गिगाहर्ट्झवर. शिवाय उरलेल्या तीन वेळा सिग्नलवरच्या होत्या, तिथे कुठला फास्टॅग?

नाका आणि सिग्नल यांच्यात समान काय, तर गाडी थांबते. आणि दादाच्या गाडीत, थांबली की इंजिन आपोआप बंद होतं, क्लच दाबला की परत चालू. मी सिग्नलला फक्त डोंगलच्या दिव्याकडे बघत बसले. इंजिन परत चालू होताना दिवा विझला आणि पहिल्यांदा लावल्यावर जसा लुकलुकतो तसा लुकलुकू लागला. म्हणजे वाय-फाय तुटलं नव्हतं, अख्खं डोंगलच बंद होऊन चालू झालं होतं. मग ब्लूटूथची ओळख, पासवर्ड, वाय-फाय, सगळं पहिल्यापासून. त्यालाच अर्धं मिनिट लागायचं.

डोंगल आर्मरेस्टच्या खणात होतं. "ते तिथे कसं पोचलं?" मी विचारलं.

"तीच जुनी केबल आहे ना. फेकून कशाला द्यायची."

तीच दोन मीटरची. यूएसबीचा छोटा मीटर मधे लावून मी मोजलं. गाडीच्या खाचेपाशी ५.०५ व्होल्ट, केबलच्या टोकाला डोंगल अर्धा अँपिअर ओढत असताना ४.६. हिशोबाने तेवढंच यायला हवं. अशा स्वस्त केबलमध्ये वीज नेणारी तार बहुधा २८ गेजची, म्हणजे मीटरला साधारण ०.२१ ओहम. जायला दोन मीटर, यायला दोन मीटर, मिळून ०.८५ ओहम, आणि अर्ध्या अँपिअरला ०.४ व्होल्टच्या वर वाटेतच गळतात. एरवी डोंगल त्यावर कसंबसं तग धरायचं. पण इंजिन चालू होताना स्टार्टर बॅटरीतून प्रचंड प्रवाह ओढतो, गाडीभर व्होल्टेज क्षणभर घसरतं, खाचेवरचे पाच व्होल्टही किंचित वाकतात. आधीच काठावर उभं असलेलं डोंगल तेवढ्या धक्क्याने पडायचं.

पडताळणी दोन बाजूंनी केली. आधी केबल तीच ठेवून इंजिन आपोआप बंद होणं बटणाने थांबवलं. कर्वे रस्ता ते कोथरूड, नऊ सिग्नल, एकदाही बंद नाही. मग ते पुन्हा चालू केलं, पण डोंगल वीस सेंटिमीटरच्या केबलने थेट डॅशबोर्डच्या खाचेत लावलं. तेच सिग्नल, परत एकदाही नाही. आता टोकाला ४.९८ व्होल्ट मिळत होते. गाडीची बॅटरीही तीन वर्षांची झाली आहे, म्हणून ती तपासून घे असं सांगितलं. कारण बॅटरी आणखी थकली तर ही घसरण वाढेल आणि छोटी केबलही पुरणार नाही.

दादाने शेवटी दोन्ही ठेवलं. गावात डोंगल, फोन खिशात. मुंबईच्या खेपेला डोंगल काढून अर्ध्या मीटरची केबल, कारण तीन तास नकाशा, ऊन आणि चार्जिंग एकत्र असेल तर तीच सोयीची. मागच्या आठवड्यात तो म्हणाला की नकाशा ओढताना डोंगलवर अजून जरा मागे राहतो. राहणारच, ते दोनशे मिलिसेकंद तिथेच आहेत.

दोन मीटरची केबल मी त्याच्यासमोर कात्रीने मधोमध कापली. नाहीतर ती पुन्हा कुठल्या तरी खणात गेली असती.